साडेसात हजारांचा कर्णा

गेल्या दिवाळीच्या आधी माझ्या मावसभावाने, आमच्या दादाने, रात्री साडेअकराला एक लिंक पाठवली. खाली एकच ओळ: ‘घेऊ का? उद्यापर्यंत राहायचा नाही.’ लिंक उघडली तर पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन. मजकूर असा: ‘व्हिंटेज एचएमव्ही, १९०५, ओरिजिनल, चालू स्थितीत, आजोबांची आठवण.’ किंमत साडेसात हजार. लहानपणी वाड्यातल्या एका घरी असला कर्णा त्याने पाहिला होता, तेव्हापासून तो त्याच्या डोक्यात बसलाय.

मी त्याला म्हटलं, आधी फोटो नीट बघ. पांढरीशुभ्र पार्श्वभूमी, कुठे सावली नाही, धुळीचा कण नाही. आजोबांच्या घरात अशी भिंत नसते. आम्ही त्या फोटोचा स्क्रीनशॉट घेतला, त्यातला फक्त कर्ण्याचा भाग कापला आणि गुगल लेन्सला दिला. पूर्ण चित्र दिलं की कधी कधी नुसतेच ‘असे दिसणारे’ ग्रामोफोन समोर येतात; एखादा डाग, कर्ण्याच्या पाकळीवरचा उजेड असा छोटा तुकडा दिला की तोच फोटो सापडण्याची शक्यता वाढते. इथे तो सापडला. तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडे हाच फोटो होता आणि एकाने तर ‘होम डेकोर’ या सदराखाली लावला होता. काही जण शोध चुकवायला फोटो उलटा करतात, आरशात दिसतो तसा. तेव्हा पाटीवरची किंवा तबकडीच्या लेबलवरची अक्षरं बघावीत. ती उलटी असली की प्रश्नच मिटला. आपणही फोटो उलटा करून पुन्हा शोध घ्यावा.

पण उसना फोटो सापडला म्हणून एवढ्यावर निकाल देता येत नाही, कारण फसवणूक दोन जातींची असते. एका जातीत वस्तूच नसते. फोटो कुठूनतरी उचललेला असतो, ‘बदली झाली, लगेच विकायचंय’ म्हणत आगाऊ पैसे घेतात आणि नंबर बंद होतो. दुसऱ्या जातीत पार्सल येतं, त्यात ग्रामोफोन असतो, तो वाजतोही. फक्त तो गेल्या वर्षी बनवलेला असतो. आपल्यासमोर यातली कोणती जात आहे ते ओळखायला एक साधी मागणी पुरते: कागदाच्या चिठ्ठीवर आजची तारीख आणि माझं नाव लिहा, ती तबकडीच्या जागी ठेवा आणि फोटो पाठवा. ज्याच्याकडे वस्तू आहे त्याला हे दोन मिनिटांचं काम. नाही त्याला ताप येतो, पाहुणे येतात, कॅमेरा बिघडतो.

दादाच्या विक्रेत्याने दुसऱ्या दिवशी फोटो पाठवला, चिठ्ठीसकट. म्हणजे वस्तू होती. पण जाहिरातीतली नव्हे. पेटी अष्टकोनी, कर्णा पत्र्यासारखा पातळ आणि पुढे ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ची चकचकीत पाटी चार खिळ्यांनी ठोकलेली. तबकडीच्या लेबलवर कुत्र्याचं चित्र ग्रामोफोन कंपनीने १९०९ पासून वापरायला घेतलं. त्याआधी तिथे लेखणी घेतलेला देवदूत असे. तेव्हा १९०५ साल आणि ही पाटी एकाच यंत्रावर दिसली की तिथेच थांबावं.

असे ग्रामोफोन आपल्याकडे गेली कित्येक वर्षं जुळवले जातात. परदेशातले संग्राहक त्यांना ‘क्रॅपोफोन’ म्हणून नाक मुरडतात. त्यातली गंमत अशी की आतलं स्प्रिंगचं यंत्र बरेचदा खरंच जुनं असतं, कुठल्यातरी पेटी-ग्रामोफोनमधून काढलेलं. म्हणून ‘चालू स्थितीत’ हे शब्द खोटे नसतात. पेटी, कर्णा, पाटी मात्र नवी. खऱ्याखोट्याची सगळ्यात सोपी खूण मला विचाराल तर सुईपासून कर्ण्यापर्यंत जाणारी नळी. जुन्या चांगल्या यंत्रात ती साउंडबॉक्सपाशी बारीक असते आणि कर्ण्याकडे जाताना हळूहळू रुंद होत जाते, कारण आवाजाची वाट एकसारखी उमलत गेली तरच तो मोकळा येतो. निमुळती नळी करणं कष्टाचं काम. जुळवणारे जाडजूड, एकाच मापाचा पाइप वाकवून बसवतात, नळाच्या बाकासारखा. मागून काढलेल्या एका फोटोत हे दिसतं, आणि नेमका तोच फोटो जाहिरातीत नसतो.

म्हणून दादाने आणखी दोन गोष्टी मागितल्या. एक, यंत्र बसवलेली फळी उचलून खालच्या बाजूचा फोटो. जुनं यंत्र नव्या फळीत बसवलं असेल तर लाकूड कोरं दिसतं आणि कुठे कुठे वापरात नसलेली स्क्रूची भोकं असतात. दुसरी, फिरत्या थाळीच्या कडेला खडूची खूण करून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. ७८ च्या वेगाला अर्ध्या मिनिटात ३९ फेरे व्हायला हवेत. फेरे पुष्कळ कमी भरले किंवा वेग मध्येच ढासळला तर स्प्रिंग वा आतला गव्हर्नर थकलेला. विक्रेत्याचं उत्तर आलं: ‘सर, आहे तसं मिळेल, पाहिजे तर घ्या.’

हे उत्तर आणि जाहिरातीतला मजकूर एकाच सुरातले होते. ज्याला वस्तू माहीत असते तो साउंडबॉक्सवरचं नाव सांगतो, कर्ण्याचा व्यास सांगतो, ‘डावीकडे पोचा आहे, हँडल बदललंय’ असं न विचारता सांगतो. दोष सांगणारा विक्रेता मला तरी जास्त बरा वाटतो. ‘व्हिंटेज’, ‘अँटिक लुक’, ‘दुर्मीळ’ या शब्दांचा मात्र काही अर्थ नसतो. मधला तर ‘जुन्यासारखं दिसणारं’ एवढंच कबूल करतो, आणि भांडायला गेलं की विक्रेता त्याच शब्दाकडे बोट दाखवतो.

किमतीचं काय? घर रिकामं करणारे वारस कधी कधी खरी वस्तू मातीमोल विकतात, हे खरंच. पण त्यांचे फोटो अंधारे असतात, मागे गाद्यांचा ढीग दिसतो, आणि त्यांच्याकडे तोच माल दहा नगांनी नसतो. उलट, हाच जुळवलेला ग्रामोफोन कोणी पन्नास हजारांना लावला म्हणून तो जुना होत नाही. किंमत फक्त शंका घ्यायला सांगते. उत्तर नळीत आणि फळीखाली मिळतं.

आणखी एक. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक मोलाची शंभर वर्षांवरची वस्तू पुरावशेषात धरली जाते. तिच्या विक्रीचा व्यवसाय करायला परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. त्यामुळे ‘१२० वर्षं जुनं, जगभर पाठवतो’ असं लिहिणारा बहुधा एकतर कायदा मोडतोय किंवा वय खोटं सांगतोय. वय खोटं असण्याचीच शक्यता अधिक.

पैसे घेताना ‘हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका, तुमचे पैसे परत येतील’ असं कोणी म्हटलं तर फोन ठेवावा. पिन लागतो तो पैसे जाताना, येताना नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करावा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवणं अवघड.

दादाने शेवटी चोर बाजारातून, मटण स्ट्रीटवरून, कर्ण्याशिवायचा एक पेटी-ग्रामोफोन घेतला. समोर वाजवून, झाकण उघडून, फेरे मोजून. कर्णा त्याला अजून हवाच आहे. ती जाहिरात आज पाच महिन्यांनीही तिथेच आहे, ‘शेवटचा एकच शिल्लक’ म्हणून, आणि किंमत आता ६,९०० झाली आहे.