‘मित्राला टॅग करा’ पुसून तिथे काय लिहायचं?

भाद्रपद लागला की अंबड, घनसावंगी, बदनापूर पट्ट्यातल्या मोसंबीच्या बागांत सकाळचं एक दृश्य काळजाला घरं पाडतं. झाडाखाली फळं पडलेली असतात, बहुतेक अजून हिरवी. जानेवारी-फेब्रुवारीत फुललेला आंबिया बहार आठ महिने पाणी देऊन, खत घालून सांभाळलेला असतो आणि तोडणी तोंडावर आलेली असताना तो मातीत सांडतो. नेमक्या त्याच दिवसांत मोबाइलवर पोस्ट फिरू लागते : ‘मोसंबीची फळगळ थांबवण्याचा रामबाण उपाय! शेतकऱ्याचं पोरगं असाल तर शेअर कराल. बागायतदार मित्राला टॅग करा.’

खाली नावांची रांग लागते. एकानं दुसऱ्याला टॅग केलेलं, दुसऱ्यानं हात जोडलेले, तिसऱ्यानं ‘माहिती पाठवा’ लिहिलेलं. फळ का गळतंय, हे मात्र त्या सगळ्या रांगेत कुठेच नसतं. शेतीगट, रोपवाटिका, कृषी सेवा केंद्रं, गावातले उत्साही तरुण अशी बरीच मंडळी अशा ओळी लिहितात. त्यामागे काही समजुती आहेत, त्या तपासून पाहू.

गैरसमज : ‘टॅग करा’ लिहिलं की पोस्ट जास्त लोकांपर्यंत पोहोचते.

एके काळी हे खरं होतं, म्हणून तर ही सवय लागली. पण १८ डिसेंबर २०१७ रोजी फेसबुकनं जाहीर केलं की, अशी आमिषं दाखवणाऱ्या पोस्ट यापुढे खाली ढकलल्या जातील. त्यांनी आमिषाचे पाच प्रकार सांगितले : मत द्यायला लावणं, लाईकसारखी खूण करायला लावणं, शेअर करायला लावणं, मित्राला टॅग करायला लावणं आणि ठरावीक शब्द कमेंटमध्ये लिहायला लावणं. लाखो पोस्ट तपासून त्यांचं वर्गीकरण केलं गेलं आणि त्यावरून अशा ओळी ओळखायला संगणकाला शिकवण्यात आलं. जी पेजेस पुन्हा पुन्हा हेच करतात, त्यांच्या सगळ्याच पोस्टची पोहोच कमी होईल, असंही सांगितलं गेलं. म्हणजे आज ‘टॅग करा’ लिहिणाऱ्या गटाची उद्याची कामाची पोस्टसुद्धा मागे पडू शकते.

त्याच घोषणेतली दुसरी बाजू आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. मदत मागणारी, सल्ला विचारणारी पोस्ट या नियमातून वगळली होती. हरवलेल्या मुलाची माहिती, एखाद्या कामासाठी निधीचं आवाहन, प्रवासाबद्दलची विचारणा अशी उदाहरणं तिथे दिली होती. विचारणं कधीच गुन्हा नव्हतं. विचारल्याचा आव आणून नुसती नावं गोळा करणं, यावर आक्षेप होता.

गैरसमज : शेवटी ‘तुम्हाला काय वाटतं?’ लिहिलं की ते प्रामाणिक आवाहन झालं.

हा गैरसमज मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण तो चांगल्या माणसांचा आहे. टॅगची ओळ काढून तिथे ‘तुमचं मत नक्की कळवा’ लिहिलं, तर शब्द बदलतात, पण पोकळपणा तोच राहतो. प्रश्न प्रामाणिक आहे की नाही, हे ओळखायची खूण साधी आहे. येणाऱ्या उत्तरावर विचारणाऱ्याचं पुढचं पाऊल बदलणार आहे का? उत्तर काहीही आलं तरी तो तेच करणार असेल, तर तो प्रश्न नव्हे, सजावट आहे.

फळगळीचंच उदाहरण सोडवून पाहू. मोसंबी ढोबळमानानं तीन कारणांनी गळते. पहिलं बुरशीचं. यात देठाच्या बाजूनं साल तपकिरी, मग काळी पडत जाते आणि फळ कुजतं. याला देठकूज म्हणतात. दुसरं रस शोषणाऱ्या पतंगाचं. हा रात्री येतो, सालीत सोंड खुपसतो आणि टाचणीएवढं भोक पाडून जातो. भोकाभोवतीचा भाग मऊ पडतो, दाबला तर रस येतो. तिसऱ्यात ना डाग असतो, ना भोक. झाडाला पाण्याचा ताण बसलेला असतो, किंवा पावसाचं पाणी मुळाशी साचलेलं असतं, किंवा इतक्या फळांना पोसायची त्याची ताकद नसते, म्हणून झाड स्वतःच फळ सोडून देतं.

तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. साचलेल्या पाण्यामुळे फळ गळत असेल तर बुरशीनाशकाची फवारणी म्हणजे पैसा वाया. तिथे आधी चर काढून पाणी बाहेर काढावं लागतं. पतंगाची गोष्ट तर आणखी वेगळी. त्याची अळी मोसंबीवर वाढतच नाही. ती बांधावरच्या गुळवेल, वासनवेल अशा वेलींवर पोसली जाते. म्हणून झाडापेक्षा बांधाकडे बघावं लागतं. तेव्हा ‘रामबाण उपाय’ हे शब्दच खोटे आहेत आणि त्याखाली जोडलेली दोनशे नावंही त्याला खरं करू शकत नाहीत.

आता तीच पोस्ट नव्यानं लिहू :

‘गेल्या आठ दिवसांत तुमच्या बागेत मोसंबी गळली का? उद्या सकाळी झाडाखालची, रात्रीत पडलेली दहा फळं उचला. किती फळं देठाकडून काळी पडलीत, किती फळांना बारीक भोक आहे आणि किती स्वच्छ आहेत, हे तीन आकडे गावाच्या नावासह कळवा. बांधावर गुळवेल असेल तर तेही सांगा. लिहायचं नसेल तर बोलून पाठवा. शनिवारी संध्याकाळपर्यंत आलेले आकडे रविवारी सकाळी इथेच मांडू. औषधाचं नाव आणि प्रमाण इथे सांगणार नाही. त्यासाठी फळं घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा.’

यातली प्रत्येक ओळ काहीतरी काम करते. दहा फळं सांगितली, कारण एका फळावरून काही कळत नाही आणि शंभर कुणी मोजणार नाही. ‘रात्रीत पडलेली’ म्हटलं, कारण दोन-तीन दिवस ओल्या मातीत पडलेलं प्रत्येक फळ कुजतं आणि मग सगळीच गळ बुरशीची वाटते. गाव विचारलं, पण गट नंबर किंवा फोन नंबर उघड्यावर मागितला नाही. उत्तर कधी आणि कुठे मिळेल ते सांगितलं. काय मिळणार नाही तेही आधीच सांगून टाकलं.

समजा एकानं लिहिलं, ‘देठ काळे सात, भोक एक, स्वच्छ दोन.’ त्याच शिवारातला दुसरा म्हणाला, ‘भोक सहा, बांधावर गुळवेल आहे.’ दोघांना एकच सल्ला देता येणार नाही, हे त्या दोन ओळींतच दिसलं. तिसरा लिहील, ‘सगळीच कुजलेली आहेत, कसं ओळखू?’ त्याला उलट विचारता येतं : कूज देठापासून सुरू झाली की सालीच्या मधूनच? पतंगाच्या भोकातूनही नंतर बुरशी शिरते, म्हणून कूज कुठून सुरू झाली हे पाहायचं.

मर्यादाही सांगायला हव्यात. ज्याची बाग जास्त गळतेय तोच आधी लिहितो. ज्याचं ठीक चाललंय तो गप्प राहतो. त्यामुळे आलेल्या आकड्यांवरून ‘तालुक्यात सत्तर टक्के फळगळ बुरशीनं’ असं काही छापू नये. फार तर ‘आलेल्या उत्तरांत देठकूज जास्त दिसली’ एवढंच म्हणावं. कुणी खाली औषधाचं प्रमाण ठोकून दिलं, तर त्याची खातरी होईपर्यंत ते तसंच राहू देऊ नये. ऐकून केलेल्या फवारणीचं नुकसान वाचणाऱ्याच्या बागेत होतं.

गैरसमज : आपले शेतकरी वाचतात, पण उत्तर देत नाहीत, म्हणून टॅगच बरा.

जालना शहराला लागून असलेल्या खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात दर महिन्याच्या ५ तारखेला शेतकऱ्यांचं चर्चासत्र भरतं. मराठवाडा शेती साहाय्य मंडळाच्या या केंद्राशी शेतीतज्ज्ञ विजयअण्णा बोराडे यांचं नाव कायमचं जोडलेलं आहे. तारीख ठरलेली, जागा ठरलेली, विषय हंगामाचा आणि समोर उत्तर देणारा माणूस बसलेला. अशा ठिकाणी आपला शेतकरी बोलतो, खोदून खोदून विचारतो. लोक बोलत नाहीत हे खरं नाही. आपण विचारलेलं कुणी ऐकणार आहे का, याचा अंदाज त्यांना बरोबर येतो. पोस्ट लिहिताना त्या ५ तारखेतलं एवढंच उचलायचं : हंगामाचा एक प्रश्न, ठरलेली वेळ आणि उत्तर देणारा माणूस.

तरी एक गोष्ट होणार, ती आधीच पत्करावी. उत्तरं कमी येतील. टॅगच्या ओळीखाली शंभर नावं पडत असतील, तिथे नऊ जण आकडे पाठवतील. त्या नऊ उत्तरांत आपल्याला आधी ठाऊक नसलेलं काही आहे का, एवढंच तपासावं. आणि नऊ जणांनाही उत्तर द्यायला आपल्याला वेळ नसेल, तर त्या आठवड्यात प्रश्न विचारू नये. नुसती माहिती द्यावी आणि पूर्णविराम द्यावा. शेवटी काहीतरी मागितलंच पाहिजे, असा कुठे नियम आहे?

गैरसमज : चांगल्या कामासाठी ‘जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा’ चालतं.

ही सवय मोबाइलच्याही आधीची. ‘ही पत्रिका वाचून इतक्या प्रती छापून वाटा, नाहीतर नुकसान होईल’ असली पत्रकं आणि पोस्टकार्डं ज्यांच्या घरी येत, त्यांना तो धाक आठवत असेल. तेव्हा छपाईचा खर्च तरी आड येत होता. मोबाइलवर तोही नाही, आणि त्याचा परिणाम किती भयंकर होऊ शकतो हे आपण पाहिलंय.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. अशा टोळ्यांविषयीची भीती मोबाइलवर फिरणाऱ्या अफवांनी पसरवली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०२० मध्ये, आधीच खूप फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असं केलं. राईनपाड्यातही संदेश पुढे पाठवणाऱ्या कित्येकांना आपण लोकांना सावधच करतोय असं वाटलं असेल.

रक्त हवंय, मूल हरवलंय अशा वेळी पसरवायला सांगणं योग्यच आहे. पण त्यात तारीख, वेळ आणि ठिकाण लिहिलेलं असावं, आणि ‘गरज भागली की इथेच कळवू’ ही ओळही. मूळ पोस्टची लिंक पाठवली तर पुढे बदललेली माहिती सगळ्यांना दिसते. मजकूर कॉपी करून पाठवला तर सापडलेलं मूल वर्षभर ‘हरवलेलंच’ राहतं आणि घरचे फोन उचलून थकतात.

तुमच्या गटाची पुढची पोस्ट तयार असेल, तर पाठवण्याआधी तिची शेवटची ओळ वाचा. तिथे ‘टॅग करा’ असेल तर ती खोडा. बागेत जा, दहा फळं उचला, आणि ती पाहून तुम्हाला जे कळलं नाही, तेच विचारा.