कळ दाबण्यापूर्वी

प्रथम वर्षाच्या विद्यार्थिमित्रांनो,

आपले महाविद्यालय कलाशाखेचे म्हणूनच ओळखले जाते. वरच्या मजल्यावर पदार्थविज्ञानाची एक प्रयोगशाळा आहे, हे अंकाच्या संपादकांनाही या वर्षी प्रथमच कळले असावे. त्यांनी लेख मागितला. मला लेख लिहिता येत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. कवितांमधून वाट काढून येथवर आलेल्या वाचकांनी ते वाचले तरी हरकत नाही.

तुमच्या पहिल्या प्रयोगांपैकी एक ओहमच्या नियमाचा असतो. ६ व्होल्टचा एलिमिनेटर, एक चावी, १०० ओहमचा र्‍होस्टॅट, ५० ओहमचे वेटोळे, ० ते १०० मिलिअँपिअर पल्ल्याचा अँमीटर आणि ० ते १० व्होल्ट पल्ल्याचा व्होल्टमीटर, एवढेच सामान. काही वर्षांपूर्वी याच प्रयोगात आमचा एक अँमीटर बिघडला. तो कसा बिघडला ते सविस्तर सांगतो, कारण त्यात जोडणी आणि पल्ला या दोन्ही गोष्टी आल्या आहेत आणि थोडा माझा दोषही आला आहे.

दुपारची शेवटची तुकडी होती. शहाडला थांबणाऱ्या गाड्या कल्याणच्या मानाने थोड्या. एक कसारा लोकल चुकली की फलाटावर ताटकळत बसावे लागते. त्यामुळे साडेचारनंतर मुलांचे लक्ष काट्यावर असते, पण तो मीटरचा नव्हे, घड्याळाचा. जोडणी मला दाखविल्याखेरीज चावी लावायची नाही असा नियम आहे. त्या मुलाने दुरूनच "सर, लावू का?" असे विचारले आणि मी दुरूनच मान डोलावली.

त्याने दोन्ही मीटरांची अदलाबदल केली होती. व्होल्टमीटर धारेच्या वाटेत, म्हणजे एकसरीत आला होता आणि अँमीटर वेटोळ्याच्या दोन टोकांना समांतर. ऐकताना वाटते की आता ठिणगी उडणार. प्रत्यक्षात काहीच झाले नाही, आणि घात झाला तो त्यामुळेच. आमच्या व्होल्टमीटरचा रोध सुमारे १०,००० ओहम आहे. तो वाटेत उभा राहिल्यावर ६ व्होल्ट जेमतेम ०.६ मिलिअँपिअर धारा ढकलू शकतात. अँमीटरच्या तबकडीवरचा लहानात लहान भाग २ मिलिअँपिअरचा, म्हणून त्याचा काटा हललेला दिसलाच नाही. व्होल्टमीटर मात्र ६ च्या जवळ जाऊन बसला. र्‍होस्टॅट या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकविला तरी तो जागचा हलेना, कारण १०,००० ओहमपुढे १०० ओहमची काय मातब्बरी! हे लक्षण ओळखून ठेवा: व्होल्टमीटर एलिमिनेटरइतकाच आकडा दाखवून स्थिर, अँमीटर निपचित आणि र्‍होस्टॅटचा काही परिणाम नाही, असे दिसले की बहुधा मीटर चांगले असून त्यांच्या जागा चुकल्या आहेत असे समजावे.

त्या मुलाने समजले की व्होल्टमीटर बिघडला आहे. त्याने तो काढून टाकला आणि मोकळ्या झालेल्या दोन तारा एकमेकींना पिळून जोडल्या. र्‍होस्टॅट ओढाताणीत शून्याच्या टोकाला राहिला होता. आता धारेच्या वाटेत उरला तो फक्त अँमीटर. त्याचा रोध सुमारे १ ओहम. शेजारचे ५० ओहमचे वेटोळे असून नसल्यासारखे, कारण धारा सोपी वाट धरते. आमचा एलिमिनेटर १ अँपिअरच्या आसपास धारा देऊ शकतो आणि तेवढी त्याने दिली असावी. म्हणजे पल्ल्याच्या दसपट. उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, तेव्हा आतल्या केसासारख्या बारीक तारेला पूर्ण पल्ल्याच्या वेळी मिळते त्याच्या शंभरपट उष्णता मिळाली. काटा सपकन उजव्या खुंटीवर आपटला.

मुलगा घाबरला. नुकसानभरपाईचा कागद घरी गेला तर काय होईल, हे त्याला ठाऊक असणार. त्याने चावी काढली, काच टिचकावून काटा मोकळा केला, समोरच्या स्क्रूने शून्यावर आणला आणि मीटर कपाटात ठेवून दिला. मी सही केली.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तुकडीच्या एका टेबलावर तोच मीटर गेला. आतले काही वेढे एकमेकांना चिकटल्यामुळे तो आता कमी दाखवीत होता. खरी धारा ८० मिलिअँपिअर असताना ६९. वेटोळ्यावर ४ व्होल्ट, म्हणून उत्तर ५० ऐवजी ५८ ओहम. टेबलावरच्या दोन मुलींनी ५८ लिहिले. मी त्यांना निष्काळजी म्हटले आणि प्रयोग पुन्हा करायला लावला. दुसऱ्या खेपेला त्यांनी ५० लिहून आणले आणि मी शाबासकी दिली. वहीत पाहिले तर व्होल्टचे आकडे तेच होते, धारेचे तेवढे बदललेले. तेव्हा कोठे मला शंका आली. तो मीटर आणि एक चांगला मीटर एकसरीत जोडले. एकाच वाटेवर धारा एकच असते, मग दोघांत फरक का पडावा? पडला. नंतर मी त्या मुलींची माफी मागितली. तो मुलगा आपण होऊन आला, पण महिन्याने.

आता तुम्ही काय करायचे ते सांगतो. आधी एलिमिनेटर सोडून बाकी सारे जोडा. तारेच्या टोकांवरचे इनॅमल पॉलिश कागदाने घासून काढले आहे ना, ते पाहा. मग बोट ठेवून चाला: एलिमिनेटरच्या धन टोकापासून चावी, र्‍होस्टॅट, अँमीटरचे धन टोक, त्याचे ऋण टोक, वेटोळे आणि परत ऋण टोक. एवढी वाट व्होल्टमीटरशिवाय पुरी झाली पाहिजे. पुरी होत नसेल तर जोडणी चूक आहे. ती झाल्यावर अखेरीस व्होल्टमीटरच्या दोन तारा वेटोळ्याच्या दोन टोकांना लावा. एलिमिनेटर सर्वांत शेवटी.

पल्ल्याचा हिशेब कागदावर करा. र्‍होस्टॅट पूर्ण घेतला तर एकूण रोध १५० ओहम, धारा ४० मिलिअँपिअर, मीटर सुरक्षित. र्‍होस्टॅट शून्यावर असेल तर ५० ओहम आणि १२० मिलिअँपिअर. बरोबर जोडणी असूनही मीटरच्या पल्ल्याबाहेर. म्हणून आरंभी र्‍होस्टॅट पूर्ण ठेवायचा, आणि पुढे काटा ९० च्या वर नेऊ नये. मग सरळ ५०० चा मीटर का घेऊ नये, असे चतुर विद्यार्थी विचारतात. घ्या, पण वाचन बिघडेल. आमच्या मीटरांची चूक पूर्ण पल्ल्याच्या दीड टक्का धरतात. ५०० वर ती साडेसात मिलिअँपिअर होते, आणि मोजायचे आहेत ४०. धारेचा अंदाजच नसेल तेव्हा मोठ्या पल्ल्याने सुरुवात करावी आणि मग असा पल्ला निवडावा की काटा तबकडीच्या मधल्या खुणेपलीकडे जाईल.

चावी प्रथम क्षणभरच टेकवा आणि डोळे अँमीटरवर ठेवा. काटा डावीकडे दबला तर टोके उलटी आहेत. सपकन उडाला तर पल्ला किंवा जोडणी चुकली आहे. अजिबात हलला नाही तर काही काढू नका, काही पिळून जोडू नका. मला हाक मारा. मी आता दुरून मान डोलावीत नाही.

आणि काटा आपटलाच, तर त्याच दिवशी सांगा. तो मीटर मी चांगल्या मीटरशी ताडून पाहीन, म्हणजे पुढच्या टेबलावर कुणाचे ५८ खोटे ठरणार नाहीत. गाडीची वेळ झाली असेल तर चिठ्ठी लिहून मीटरखाली ठेवली तरी चालेल.

आपला,
प्रयोगनिर्देशक, पदार्थविज्ञान