पॅच आधी एकाच संगणकावर

छोट्या ऑफिसांत एक समज पक्का आहे: पॅच तपासणं हे मोठ्या कंपन्यांचं काम, त्याला वेगळा सर्व्हर लागतो. त्यामुळे कुणी अपडेट बंदच करून टाकतं, तर कुणी सगळ्या संगणकांवर एकदम येऊ देतं. बंद ठेवण्याचा परिणाम २०१७ मध्ये दिसला. १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने ज्या त्रुटीवर पॅच दिला होता, तिच्यातूनच १२ मेला वॉनाक्राय जगभर पसरला. पॅच जवळजवळ दोन महिने उपलब्ध होता, फक्त अनेकांनी तो टाकला नव्हता.

एकदम येऊ देण्याचा धोका मार्च २०२१ मध्ये कळला. KB5000802 टाकल्यावर संगणक नेहमीसारखा सुरू व्हायचा, पण रिको, क्योसेरा अशा काही प्रिंटरना प्रिंट दिली की निळा पडदा येऊन बंद पडायचा. म्हणून ‘मशीन चालू झालं, म्हणजे पॅच ठीक’ हा समज सर्वात घातक वाटतो. जांब समर्थसारख्या गावात सहा संगणकांची पतसंस्था असेल, तर चाचणी रोजच्या कामानेच घ्यावी: पासबुक छापावं, मराठी अक्षरं कागदावर नीट उमटतात का बघावं, डिजिटल सहीचं टोकन लावून एक सही करून पाहावी.

यासाठी सर्व्हर लागत नाही. विंडोज प्रोमध्ये `gpedit.msc` उघडून `Select when Quality Updates are received` इथे दिवस ठरवता येतात. रोज छपाई होणाऱ्या एका संगणकावर ० आणि बाकी पाचांवर ७ ठेवावे. मासिक पॅच अमेरिकेतल्या दुसऱ्या मंगळवारी निघतो, आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते, त्यामुळे चाचणी बुधवारी सुरू होते. होम आवृत्तीत ही सोय नाही, तिथे हाताने पॉज करावं लागतं.

इथे मंजुरीचं बटण नसतं, हे मात्र ध्यानात ठेवावं. सात दिवस कुणी काही केलं नाही, तर पॅच आपोआप पाचांवर जातो. म्हणून एका ठरलेल्या माणसाने वहीत KB क्रमांक, तारीख आणि काय तपासलं ते लिहावं. बिघाड दिसला, तर त्याच दिवशी सहाही संगणकांवर पॉज दाबून चाचणीच्या संगणकावरून पॅच काढावा. २०२१ ची दुरुस्ती सहा दिवसांत आली, पण ती ऐच्छिक होती. नुसतं थांबून ती मिळाली नसती, हाताने घ्यावी लागली असती.

सात दिवस थांबणं धोक्याचं नाही का, ही शंका रास्त आहे. त्रुटीचा गैरवापर सुरू झाल्याची सूचना मायक्रोसॉफ्टने दिली असेल, तर सकाळी छपाई आणि सही तपासून दुपारीच ७ चा ० करावा. ब्राउझर आणि अँटिव्हायरस मात्र या सेटिंगला जुमानत नाहीत, त्यांची अपडेट वेगळ्या वाटेने येतात.