नवजात बाळाची नखे आणि त्यांची जिव्हाळी

प्रसूतीनंतर घरी गेलेले बाळ पहिल्या तपासणीस येते, तेव्हा दूध, शी-शू आणि लसी यांविषयीचे प्रश्न संपले की आजी हळूच बाळाची मूठ उघडून दाखवते. गालावर दोन-तीन बारीक ओरखडे असतात. ‘‘डॉक्टर, नखे कधी काढायची?’’ हुबळी-धारवाडातील आपल्या मराठी घरांत या प्रश्नाची उत्तरे आधीच तयार असतात. कोणी म्हणते बारशापर्यंत हात लावू नये, कोणी म्हणते महिना होऊ द्यावा. शेजारच्या कन्नड घरांतही असेच काहीबाही ऐकू येते. वैद्यकशास्त्राला तिथीचे बंधन नाही. पण या वडीलधाऱ्या संकोचामागे एक खरी गोष्ट दडलेली आहे. अगदी पहिल्या दिवसांत नख आणि मांस वेगळे ओळखणे खरोखरच कठीण असते.

गर्भाच्या हाताची नखे साधारण ३२व्या आठवड्यात आणि पायाची ३६व्या आठवड्याच्या सुमारास बोटाच्या टोकापर्यंत पोहोचतात. म्हणून पूर्ण दिवसांचे बाळ नखे घेऊनच जन्मते आणि दिवस उलटून गेलेल्या बाळाची नखे तर चांगलीच वाढलेली असतात. ही नखे कागदासारखी पातळ आणि लवचिक असतात. नखाच्या मोकळ्या कडेखालची त्वचा, जिला आपण मराठीत जिव्हाळी म्हणतो, ती नखाला खालून घट्ट चिकटलेली असते. मोठ्या माणसाच्या बोटावर नखाची पांढरी कड मांसाच्या पुढे आलेली दिसते. नवजात बाळात मात्र बोटाचा गुबगुबीत उशीसारखा भाग पुष्कळदा नखाच्या पुढे फुगून आलेला असतो आणि कड त्याच्या खोबणीत बसते. त्यामुळे कात्रीचे खालचे पाते नखाखाली घातले असे आपल्याला वाटते, तेव्हा ते अनेकदा जिव्हाळीखाली किंवा त्या फुगीर मांसाखाली गेलेले असते. इजा होते ती बहुधा नख खोल कापल्यामुळे नव्हे, तर मांस पात्यांच्या मध्ये आल्यामुळे.

हे एकदा ध्यानात आले की सगळी कृती त्यातूनच सुचते. पहिले दोन-तीन आठवडे कात्री न वापरता पुठ्ठ्याची बारीक नेल फाइल वापरावी. कोरड्या नखावर ती एकाच दिशेने हलकेच फिरवली की टोचणारी कड बोथट होते. एवढ्याने ओरखडे थांबतात. या वयात नखाची कड कित्येकदा आपोआप सोलूनही निघते. अशी लोंबती कड ओढून तोडू नये, कारण ती जिव्हाळीपर्यंत फाटत जाते.

पुढे कात्री वापरायची वेळ आली की बोथट टोकांची, लहान पात्यांची कात्री घ्यावी. वेळ निवडावी ती बाळ दूध पिऊन गाढ झोपल्यावरची आणि दिवसाउजेडाची, खिडकीजवळची. आपल्याकडे तेल चोळून ऊन पाण्याने न्हाऊ घालण्याची रीत आहे. न्हाल्यावर नख मऊ होते हे खरे, पण बोटाला तेलाचा अंश राहिला तर पकड निसटते. म्हणून बाळाचा आणि आपलाही हात कोरडा पुसून घ्यावा. एकाने बाळाला मांडीवर धरावे, दुसऱ्याने नखे काढावीत.

डाव्या हाताच्या अंगठ्याने व तर्जनीने बाळाचे एकच बोट धरावे आणि बोटाचा मऊ भाग नखापासून खाली व मागे दाबून धरावा. या एका दाबाने खोबण उघडते आणि नखाची कड स्वतंत्र दिसू लागते. ती दिसत नसेल तर ते बोट त्या दिवशी सोडून द्यावे. कड दिसली की एका फटक्यात नख न कापता दोन-तीन लहान छेद घ्यावेत, बोटाच्या गोलाईनुसार, आणि सुमारे एक मिलिमीटर पांढरी कड शिल्लक ठेवावी. कोपरे कात्रीने खोल कोरू नयेत. टोके फाइलने बोथट करावीत. पायाची नखे सरळ रेषेत कापावीत. हाताची नखे आठवड्यातून एकदा, क्वचित दोनदा काढावी लागतात. पायाची महिन्यातून एक-दोनदा पुरे होतात.

मोठ्यांचा नेलकटर इथे अडचणीचा ठरतो, कारण त्याच्या जबड्याआड बोटाचे टोक झाकले जाते. ब्लेड वा जुनी नराणी हाती घेऊच नये. दाताने नख कुरतडण्याची सवयही सोडावी. तोंडातील जंतू, आणि ओठावर नागीण उठली असेल तर तिचे विषाणू, बाळाच्या बोटात शिरतात. हातमोजे घालून प्रश्न टाळणाऱ्यांनी ते रोज उलटे करून पाहावेत. आतला सुटा धागा बोटाभोवती आवळला गेला तर बोटाचा रक्तपुरवठा बंद होऊ शकतो.

माझ्याकडे आलेले एक उदाहरण सांगतो. सोळा दिवसांचे बाळ. संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात, तेल लावून झाल्यावर, घरातल्या नेलकटरने उजव्या तर्जनीचे नख काढताना कातडी कापली गेली. रक्ताचा थेंब आला. त्यावर हळद भरून चिकटपट्टी लावली गेली. तिसऱ्या दिवशी बोट लाल दिसू लागले. पट्टी काढली तेव्हा खालची कातडी ओलसर, पांढरी पडलेली होती आणि नखाच्या एका बाजूची घडी लाल, किंचित सुजलेली होती. पू नव्हता, ताप नव्हता, बाळ नीट दूध पीत होते. म्हणजे नखुरड्याची ही केवळ सुरुवात होती. बोट कोमट पाण्याने स्वच्छ केले, कोरडे ठेवले, जंतुनाशक मलम दिले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले. लाली ओसरली होती. चार दिवसांत बोट पूर्ववत झाले. पण लाली घडीबाहेर पसरली असती, पू धरला असता, बाळाचे दूध तुटले असते किंवा ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला असता, तर एक महिन्याच्या आतील या बाळाला घरच्या औषधावर ठेवता आले नसते. तपासणीसाठी रुग्णालयातच दाखल करावे लागले असते.

कातडी कापली गेलीच तर स्वच्छ गॉज घेऊन, मध्ये उचलून न पाहता, काही मिनिटे हलका पण सलग दाब द्यावा आणि हात थोडा उंच धरावा. रक्त बहुधा तेवढ्यात थांबते. हळद, पावडर, चुना काही भरू नये. चिकटपट्टीही लावू नये; बाळ बोट तोंडात घालते आणि सुटलेली पट्टी घशात अडकू शकते.

इथे माझ्या व्यवसायबंधूंसाठी एक सूचना. दहा मिनिटे नीट दाब देऊनही रक्त झिरपत राहिले, किंवा थांबून पुन्हा सुरू झाले, तर ती केवळ नखाची जखम समजू नये. जन्मतः व्हिटॅमिन ‘के’चे इंजेक्शन दिले होते का, हे डिस्चार्ज कार्डावर पाहावे, घरी झालेल्या बाळंतपणात ते हमखास विचारावे. नाळेतून वा शौचातून रक्त आले का, मामाकडे रक्त न थांबण्याचा आजार आहे का, हेही विचारून रक्त गोठण्याच्या तपासण्या कराव्यात. बोटाची एवढीशी जखम कधीकधी मोठ्या रक्तस्रावाची आगाऊ वर्दी असते.

आणखी एक. पायाची नखे मांसात रुतल्यासारखी किंवा चमच्यासारखी खोलगट दिसणे, तसेच दुसऱ्या महिन्याच्या सुमारास हाताच्या नखांवर आडवी खाच उमटणे, हे या वयात सहसा निरोगीच असते. लाली वा सूज नसेल तर ते ‘नीट’ करण्यासाठी कात्री लावू नये. नख वाढेल तसे ते आपोआप सुधारते.

आणि चौथ्या बोटाशी बाळ जागे झाले, तर कात्री खाली ठेवावी. उरलेली सहा बोटे उद्याच्या झोपेत होतील.