चेंडू 'मिडल' झाला की हाताला झटका का बसत नाही?

चेंडू बॅटच्या एका ठरावीक जागी लागला की हाताला जवळजवळ काहीच जाणवत नाही. तोच चेंडू टोकाला किंवा मुठीजवळ लागला की हात झणझणतो. खेळाडू पहिल्या फटक्याला 'मिडल झाला' म्हणतात, पण ती जागा बॅटच्या मधोमध नसते. मग ती नेमकी कुठे असते आणि तिथे असे काय वेगळे घडते?

एका धक्क्याच्या दोन हालचाली

समजायला सोपे म्हणून बॅटऐवजी ९० सेंटिमीटर लांबीचा, सगळीकडे सारख्या जाडीचा दांडा घेऊ. तो गुळगुळीत फरशीवर आडवा पडला आहे आणि कोणी धरलेला नाही. त्याचा गुरुत्वमध्य बरोबर मध्ये, म्हणजे ४५ सेंटिमीटरवर आहे.

दांड्याला कुठेही टोला बसला, तरी त्याचा गुरुत्वमध्य मागे सरकतो. टोला गुरुत्वमध्यापासून दूर बसला, तर सरकण्यासोबत दांडा गरकन फिरतोही. एक टोक मागे जाते, तेव्हा फिरण्यामुळे दुसरे टोक पुढे येऊ पाहते. टोला जितका दूर, तितके फिरणे जोरात.

आता टोल्यामुळे गुरुत्वमध्य सेकंदाला १ मीटर वेगाने मागे जातो असे धरू, आणि आपण जे टोक हातात धरणार आहोत त्याचे काय होते ते पाहू.

टोला बरोबर मध्ये बसला, तर दांडा फिरतच नाही. हातातले टोकही १ मीटर वेगाने मागे जाते, म्हणजे मूठ तळहातावर आदळते.

टोला दुसऱ्या टोकाला बसला, तर फिरण्यामुळे हातातल्या टोकाला पुढच्या दिशेने ३ मीटरचा वेग मिळतो. सरकण्याचा १ मीटर वजा केला, तरी २ मीटर उरतात. मूठ बोटांमधून पुढे निसटू पाहते.

टोला मध्यापासून १५ सेंटिमीटर पलीकडे, म्हणजे हातापासून ६० सेंटिमीटरवर बसला, तर फिरण्याचा वेग बरोबर १ मीटर येतो. पुढचा १ आणि मागचा १ एकमेकांना खोडून काढतात. हातातले टोक त्या क्षणी जागेवरच राहते आणि हाताला झटका बसत नाही.

या बिंदूला आघातकेंद्र म्हणतात. सारख्या जाडीच्या, टोकाला धरलेल्या दांड्यात ते नेहमी दोन-तृतीयांश लांबीवर येते. मात्र ते दांड्यावर कायमचे कोरलेले नसते. हीच मूठ १० सेंटिमीटर आत सरकवली, तर आघातकेंद्र सुमारे ४ सेंटिमीटर टोकाकडे सरकते.

बॅटचे आघातकेंद्र कसे शोधायचे?

बॅटचे वजन सगळीकडे सारखे नसते, त्यामुळे दोन-तृतीयांशचा नियम तिला जसाच्या तसा लागू होत नाही. पण एक सोपी युक्ती आहे. ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६७३ साली लंबकाच्या घड्याळांवरच्या ग्रंथात झुलणाऱ्या वस्तूचे 'दोलनकेंद्र' कसे काढायचे ते मांडले. आघातकेंद्र आणि दोलनकेंद्र हा एकच बिंदू असतो.

म्हणून बॅट जिथे धरतो तिथे अडकवून टांगावी आणि हलकेच झुलवावी. २० पूर्ण झोक्यांना ३० सेकंद लागले, तर एका झोक्याला दीड सेकंद. दीडचा वर्ग २.२५, त्याला २५ ने गुणले की ५६ येतात. म्हणजे आघातकेंद्र टांगलेल्या जागेपासून सुमारे ५६ सेंटिमीटर खाली आहे.

मग झणझण कशाची?

आघातकेंद्रावर मारूनही कधीकधी हाताला बारीक झिणझिण्या येतात. कारण आतापर्यंत आपण दांडा अजिबात वाकत नाही असे धरले होते. खरी बॅट टोल्याने किंचित वाकते आणि थरथरते. मुठीचा एकदम बसणारा झटका वेगळा आणि ही थरथर वेगळी. हाताला झोंबते ती मुख्यतः थरथर.

थरथरणाऱ्या दांड्यावर काही बिंदू जवळजवळ स्थिर असतात. टोला तिथे बसला, तर ती थरथर फारशी उठत नाही. आपल्या ९० सेंटिमीटरच्या दांड्यात असा एक बिंदू हातापासून सुमारे ७० सेंटिमीटरवर येतो, तर आघातकेंद्र ६० वर. दोन्ही एकाच जागी नसतात, पण जवळ असतात. म्हणूनच बॅटची 'गोड' जागा हा एक बिंदू नसून छोटा पट्टा असतो.

तो स्थिर बिंदू हातानेच ओळखता येतो. मूठ दोन बोटांत सैल धरून बॅट लटकवायची आणि टोकापासून वरवर चेंडूने हलके टकटक करत जायचे. जिथे बोटांना थरथर सर्वांत कमी जाणवते, तीच ती जागा.