नेमणूक झाली, साहेब आलेच नाहीत!

लखनौच्या कारखान्यातून टाटा मोटर्सचे ट्रक आणि बसगाड्या बाहेर पडतात. या कंपनीचे आधीचे मुख्याधिकारी कोण आणि कधीपासून कधीपर्यंत? प्रश्न पाच मिनिटांचा वाटतो ना? यादी करायला बसा, मग गंमत पाहा!

पहिला कागद म्हणजे शेअर बाजाराला कळवलेली सूचना. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केलं, की १ जुलैपासून मार्क लिस्टोसेला मुख्याधिकारी आणि व्यवस्थापकीय संचालक होणार. झालं, लिहा नाव! थांबा. मार्चमध्ये दुसरी सूचना आली: ते रुजू होणार नाहीत. म्हणजे नेमणुकीचा पक्का कागद आहे, पण कारकीर्द शून्य दिवसांची. सूचना सांगते ती ठरलेली गोष्ट. घडलेली गोष्ट हवी, तर त्या वर्षाच्या वार्षिक अहवालात संचालकांची यादी आणि मोबदल्याचा तक्ता उघडायचा. जो खुर्चीत बसला, त्याचाच पगार तिथे दिसतो.

मग तेव्हा खुर्चीत होतं कोण? गुंटर बुट्शेक. ते १५ फेब्रुवारी २०१६ला रुजू झाले. कायद्याने अशी नेमणूक एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांची, म्हणजे मुदत १४ फेब्रुवारी २०२१ला संपायची. अनेकजण हीच तारीख लिहून मोकळे होतील. पण लिस्टोसेलांची घोषणा करणाऱ्या सूचनेतच पुढे म्हटलं होतं, की बुट्शेक ३० जूनपर्यंत थांबणार!

आता मागे चला. बुट्शेक यांच्या आधी कार्ल स्लिम. ऑक्टोबर २०१२ मध्ये आले आणि २६ जानेवारी २०१४ला बँकॉकमध्ये त्यांचा मृत्यू झाला. तिथून बुट्शेक येईपर्यंत दोन वर्षांहून जास्त काळ उरतो. या काळातला साहेब कोणत्या पानावर सापडतो? कुठल्याच नाही! व्यवस्थापकीय संचालकाची खुर्ची रिकामीच होती. कारभार अध्यक्ष सायरस मिस्त्री यांच्या देखरेखीखाली कार्यकारी संचालक पाहत होते. यादीत ही पोकळी पोकळीच ठेवायची. स्लिमना पुढे ओढलं किंवा बुट्शेकना मागे, की यादी देखणी होते आणि खोटी ठरते.

सगळ्यात मोठं नवल २०२५चं. कंपनी दोन तुकड्यांत विभागली गेली. १९४५ साली नोंदलेली मूळ कंपनी आता ‘टाटा मोटर्स पॅसेंजर व्हेइकल्स’ झाली, आणि ‘टाटा मोटर्स’ हे नाव २०२४ साली नोंदलेल्या, ट्रक-बस बनवणाऱ्या कंपनीकडे गेलं. म्हणून नावावर विसंबू नका. कंपनीचा कॉर्पोरेट ओळख क्रमांक पाहा, नोंदणीचं वर्ष त्यातच लिहिलेलं असतं. त्या हिशेबाने स्लिम आणि बुट्शेक मोटारींच्या कंपनीचे माजी प्रमुख ठरतात. लखनौचे ट्रक मात्र दुसऱ्याच कंपनीचे, आणि तिच्या माजी प्रमुखांच्या यादीत या दोघांना जागाच नाही!