पंधरा गुणांचं उत्तर

अडीच तासांत 75 गुणांचे प्रश्न सोडवायचे, म्हणजे पंधरा गुणांच्या प्रश्नाला जेमतेम तीस मिनिटं. ‘1857 च्या उठावाची कारणे व परिणाम स्पष्ट करा’ हा प्रश्न घ्या. बहुतेकांची पेनं काडतुसांवर रेंगाळतात आणि परिणामांना शेवटच्या दोन ओळी उरतात. तिथेच गुण जातात, कारण प्रश्नात दोन मागण्या आहेत. म्हणून आधी तीन मिनिटं कच्चा आराखडा करावा. कारणांना बारा मिनिटं: खालसा धोरण (सातारा, 1848), शेतसारा, शिपायांची नाराजी. घड्याळात ती संपली की वाक्य आवरून परिणामांकडे वळावं: 1858 मध्ये कंपनीची सत्ता संपली, लष्कराची फेररचना झाली. त्यांना दहा मिनिटं, समारोपाला उरलेली पाच. सुंदर प्रस्तावनेचा मोह मात्र टाळावा. चार ओळी पुरतात.